हिरव्यावर कोकम

काल सकाळी मुंबईहून फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बांधकाम लाल झालं आणि तू मला कळवलंही नाहीस?"

बांधकाम लाल झालं नव्हतं. माझ्या मासिक रिपोर्टातल्या बांधकामाच्या हिरव्या चौकोनावर तात्यांनी कोकम सरबताचा ग्लास ठेवला होता. ग्लास उचलल्यावर खाली लालसर गोल उमटला, आणि ऑफिसातल्या पोराने इमानेइतबारे तेच पान स्कॅन करून मुंबईच्या भागीदारांना पाठवलं. माझी महिन्याची मेहनत एका घोटात लाल. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "मगे? कोकम पित्ताक बरा." माझं पित्त कशाने खवळलं होतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

देवगडजवळ आंबा बागायतदार एक पॅकहाऊस बांधतायत. ग्रेडिंगचा हॉल आणि आंबा पिकवायचं रायपनिंग चेंबर. बजेट एक कोटी वीस लाख, तारीख २८ फेब्रुवारी, कारण मार्चात हापूस सुरू झाला की तो कुणासाठी थांबत नाही. पैसे तिघांचे: तात्यांच्या सोसायटीचे, मुंबईच्या भागीदारांचे आणि बँकेचे. मी तिघांना दर महिन्याला एक पानी रिपोर्ट देतो. त्यात प्रत्येक बाबीला एक चौकोन: हिरवा, पिवळा किंवा लाल. मला वाटायचं, सिग्नल तर सगळ्यांनाच कळतो. अख्ख्या देवगड तालुक्यात सिग्नल किती, हे तेव्हा आठवलं नाही.

मागच्या महिन्यात तारखेचा चौकोन पहिल्यांदा पिवळा केला. बैठकीत तात्यांनी पान हातात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं, वासही घेतला असावा. मग चेहरा उजळला.

"वा! पिवळो झालो!"

"तात्या, पिवळा म्हणजे जरा काळजी—"

"कसली काळजी? हिरवो म्हंजे कच्चो. पिवळो म्हंजे पिकाक लागलो. चाळीस वर्सां आंबो बघतंय मी, माका शिकवतं?"

"आणि लाल?"

"लाल?" तात्या विचारात पडले. "देठाकडे लाली इली तर गिऱ्हायक खूश. पण आपलो हापूस तसो लाल होणा नाय. तुझो रिपोर्ट कलमी नसतलो."

यावर शेजारच्या दोन बागायतदारांनी रायवळ आंब्यांच्या जाती मोजायला घेतल्या. त्यात पंचवीस मिनिटं गेली. चहा आला, तो मला सगळ्यात शेवटी आणि गार. बँकेचे साहेब मात्र गप्प होते. ते मूळचे पुण्याचे. इथे बदली झाल्यापासून पावसाळाभर हवामान खात्याचे इशारे बघून बघून धास्तावलेले. त्या इशाऱ्यांत रंग चार असतात, आणि साहेबांनी माझा पिवळा त्यातल्या ऑरेंज अलर्टवर नेऊन बसवला. म्हणजे सज्ज राहा. ते इतके सज्ज झाले, की दुसऱ्या दिवशी कर्जाचा पुढचा हप्ता रोखून धरला.

एकच चौकोन. एकाने पेढे मागवायचे बाकी ठेवले, दुसऱ्याने पैसे थांबवले. आणि शिव्या कुणाला? मलाच. आमचे मामा मच्छीमार आहेत. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की तो तीनच असतो. त्याला कुणी पिकला म्हणत नाही. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे, आणि प्रत्येक नंबरचा अर्थ आधीच ठरलेला. मी अर्थ न ठरवताच काठीवर फडकं चढवलं होतं.

म्हणून काल रात्री, कोकमाच्या रागातच, अर्थाचं पान लिहायला बसलो. पहिलं ठरवलं ते हे, की रंग आजच्या परिस्थितीला द्यायचा नाही, काम संपेल तेव्हाच्या अंदाजाला द्यायचा. आजचा हिशोब फसवतो. नोव्हेंबरपर्यंत सत्तर लाख खर्च व्हायचे होते, झाले बावन्न. तात्या म्हणाले, अठरा लाख वाचले. वाचले कसले? चेंबरच्या भिंतींचे पफ पॅनलच आले नव्हते, तर बिल कुठून येणार? उलट विजेसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार, त्याचे नऊ लाख. म्हणजे शेवटी एक कोटी एकोणतीस.

मग आकडे. शेवटची तारीख सात दिवसांपर्यंत सरकत असेल तर हिरवा, आठ ते एकवीस दिवस पिवळा, त्यापुढे लाल. पॅनल अठरा दिवस उशिरा येणार होते, पण मधे दहा दिवसांची सवड होती, तेवढ्यात वायरिंग उरकतं. म्हणून शेवटची तारीख आठच दिवस सरकली. पिवळा. खर्चात पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहा लाखांपर्यंत, हिरवा. दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे बारा लाखांपर्यंत, पिवळा. नऊ लाख म्हणजे साडेसात टक्के. हाही पिवळाच.

इथे माझी लेखणी अडली. नऊ लाखांतले बरेचसे भरून काढायला माझ्याकडे एकच उपाय होता: सात लाखांची कंपाऊंडची भिंत पुढच्या वर्षावर ढकलायची. पण भिंत ढकलणारा मी कोण? फोनवर नुसतं सुचवलं तर तात्या कडाडले, "आणि वांदर इले तर? तू राखण करतलंस?" म्हणजे आकडा पिवळा, पण गाडी माझ्या हातून सुटलेली. म्हणून आकड्यांच्या वर एक ओळ लिहिली: पिवळा म्हणजे बिघडलंय, पण माझं मी निस्तरतो, अमुक तारखेपर्यंत. लाल म्हणजे माझ्या अधिकारात उपाय नाही, अमुक तारखेपर्यंत तुम्ही निर्णय द्या. खर्चाचा चौकोन त्या ओळीने लाल झाला. खाली लिहिलं: भिंत की जादा नऊ लाख, १५ डिसेंबरपर्यंत सांगा.

लाल म्हणजे माझी लाज, असं मलाही इतके दिवस वाटत होतं, हे कबूल करतो. म्हणून तर माणसं कलिंगडं पाठवतात: बाहेरून हिरवंगार, कापलं की लाल. मीही दोन महिने वीजजोडणीच्या खर्चाचं कलिंगडच पाठवत होतो. त्यावर उतारा म्हणून लिहून टाकलं, की पिवळा चौकोन सुधारायची दिलेली तारीख हुकली तर पुढच्या रिपोर्टात तो आपोआप लाल. मग त्यात माझ्या मनाचं काही चालणार नाही.

आज सकाळी तात्यांनी आणखी एक काढलं. "चार चौकोन. दोन हिरवे, एक पिवळो, एक लाल. मगे सगळा मिळान हिरवटच ना?" सरासरी! वीज नसेल तर चेंबर म्हणजे दहा-पंधरा लाखांचं कपाट, त्याच्या भिंती कितीही सुंदर असोत. मी म्हटलं, हंगामाची तारीख अडवणारा जो सगळ्यात वाईट रंग, तोच एकूण रंग. बाकीचे लाल आपापल्या जागी राहतील, नाहीतर वरचा चौकोन बारमाही लाल दिसेल आणि कुणी बघणार नाही. बँकेच्या साहेबांना हे लगेच पटलं. हप्ता सोडतो म्हणाले. सोडलेला अजून नाही.

तिघांच्या सह्या घ्यायला प्रती काढायला पाठवल्या. रंगीत प्रत महाग म्हणून तात्यांनी परस्पर साधी झेरॉक्स काढवली. चारही चौकोन करडे. मी मुकाट्याने पेन काढलं आणि प्रत्येक प्रतीवर हाताने लिहीत बसलो: हि, हि, पि, ला.

तात्यांनी चष्मा वर केला. "ह्यो पि म्हंजे पिकलो, ना?"