दोनशे वॅटचे खोटे आणि टकटक करणारी गाडी

परवा दुपारी दापोलीजवळच्या आमच्या गावी, भर पावसात, पाच माणसांनी माझी गाडी ढकलली, आणि त्या पाचांपैकी प्रत्येकाने, अगदी शाळेला सुट्टी म्हणून हिंडणाऱ्या आठवीतल्या पोरानेसुद्धा, मला एकच प्रश्न विचारला : "काका, रात्री दिवे चालू राहिले का हो?" नाही, बाळा, दिवे चालू राहिले नव्हते. मी लॅपटॉप चार्ज करत होतो. हे उत्तर दिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, त्यापेक्षा दिवे राहिले असे सांगितले असते तर माझी अब्रू बरी राहिली असती.

आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती. सकाळी दहाला कार्यालयाची बैठक होती, लॅपटॉपमध्ये बारा टक्के उरले होते, आणि माझ्याकडे तर गाडीच्या सॉकेटात खुपसायचे ते इन्व्हर्टरचे खोके होते, ज्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत '२०० वॅट' असे छापलेले आहे. माझ्या लॅपटॉपचा अॅडॅप्टर ६५ वॅटचा. दोनशेत पासष्ट म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही, असा हिशेब करून मी समाधानाने आत बसलो. गाडी पडवीला लागून उभी असल्यामुळे इंजिन सुरू ठेवले तर धूर थेट घरात जातो आणि आई खोकायला लागते. म्हणून इंजिन बंद, किल्ली एक खटका पुढे, रेडिओ हळू आवाजात चालू. अडीच तास बैठक चालली. त्यातला दीड तास ज्यांना सांगण्यासारखे काहीच नव्हते त्यांनी घेतला, पण तो राग वेगळा.

बैठक संपली, किल्ली फिरवली आणि टक-टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंदावले, पुन्हा उजळले, पुन्हा मंदावले. स्टार्टर फिरलाच नाही. हा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला पुढचे सांगायला नको.

आणि माझा खरा संताप इथे आहे : त्या खोक्याने अडीच तासांत तोंडातून अवाक्षर काढले नाही. माहितीपुस्तिकेत मोठ्या अभिमानाने लिहिले आहे की बॅटरी उतरली तर 'धोक्याची सूचना' देणारा बझर आहे. आहे ना. तो १०.५ व्होल्टला वाजतो आणि त्याखाली १० व्होल्टच्या आसपास खोके स्वतःहून बंद होते. पण भरलेली, स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती जवळपास अर्धी झालेली असते, आणि १२ च्या खाली गेली की जुनी बॅटरी स्टार्टरला लागणारे शंभरावर अँपिअर देताना कोलमडते. म्हणजे हा बझर ज्या क्षणी वाजायचा त्याच्या कितीतरी आधी माझी गाडी माझ्यासाठी मेलेली असणार! ही सूचना गाडीमालकासाठी नाही. ती त्या खोक्याने स्वतःच्या जिवासाठी ठेवलेली पहारेकऱ्याची शिट्टी आहे. घर लुटून झाल्यावर वाजणारी.

आता हिशेब. अॅडॅप्टर ६५ वॅट लॅपटॉपला देतो, पण त्यासाठी स्वतः ७३-७४ घेतो. कारण थोडी उष्णता त्याच्या खिशात जाते. इन्व्हर्टर बारा व्होल्टचे २३० करताना आणखी काही खातो, त्याचा तो पंखाही फिरत असतो. म्हणजे बॅटरीतून निघतात सुमारे ८५ वॅट, सात अँपिअर. रेडिओ आणि किल्लीने जागे केलेले बाकीचे सटरफटर धरून साडेआठ म्हणा. अडीच तासांत एकवीस अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, पण ती कागदावर आणि नवी असताना. चार पावसाळे काढलेल्या बॅटरीला तेवढे सामर्थ्य उरत नाही. शिवाय ही बॅटरी काही सेकंद जोर लावण्यासाठी बनवलेली असते, तासन्‌तास ओझे वाहण्यासाठी नाही. बारा व्होल्ट घेऊन २३० करायचे आणि लगेच अॅडॅप्टरने ते पुन्हा १९ वर उतरवायचे, या दुहेरी उलाढालीत प्रत्येक वळणावर जकात द्यावी लागते.

हे सगळे मला धक्का देणाऱ्यांना समजावताना मधेच लक्षात आले की मी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेला माणूस आहे. गेल्याच महिन्यात मुलाला ओहमचा नियम शिकवताना त्याच्यावर खेकसलो होतो. हा गुणाकार तिसरीच्या पाढ्यांवर होतो. तो बैठकीच्या आधी करायला मला कुणी मनाई केली नव्हती.

तरीही त्या '२००' ला मी माफ करणार नाही, कारण त्याने मला पूर्वीही फसवले आहे. मे महिन्यात महाडच्या पुढे मुलाने त्याचा खेळांचा लॅपटॉप याच खोक्याला लावला. त्याचा अॅडॅप्टर १८० वॅटचा, खोके दोनशेचे, मग अडचण काय? काही सेकंदांत सॉकेटच मेले. कारण २०० हा आकडा क्षणभराच्या जोराचा. सतत चालायचे १५०, हे खालच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत. आणि त्याहूनही खाली, माझ्या चष्म्यालाही न दिसणाऱ्या ठिकाणी : सॉकेटातून वापरल्यास गाडीच्या फ्यूजची मर्यादा पाळावी. माझ्या गाडीत तो फ्यूज १० अँपिअरचा आहे. बारा गुणिले दहा, एकशे वीस वॅट. मग दोनशे हा आकडा कशाचा, किमतीचा? एका माणसाने वर सुचवले की २० चा फ्यूज टाका, काम होईल. होईल की! मग फ्यूज वितळण्याऐवजी डॅशबोर्डमागची बारीक वायर वितळेल. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, लॅपटॉपला खूश करण्यासाठी नाही. जड अॅडॅप्टर चालवायचाच असेल तर मोठा इन्व्हर्टर जाड वायरीने आणि स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीला जोडावा लागतो, आणि मग एकवीसपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर-तास जातात, एवढेच.

बरे, गाडी उतारावर आणून, दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडल्यावर सुरू झाली. ऑटोमॅटिक असती तर जम्पर केबल शोधत बसलो असतो. मग पुन्हा बंद पडू नये म्हणून हर्णैपर्यंत आणि परत निरर्थक चक्कर मारली, कारण जागेवर पंधरा मिनिटे इंजिन चालवून गेलेले वीस अँपिअर-तास परत येत नाहीत. वाटेत बायकोने शांतपणे विचारले, "एवढ्या पेट्रोलमध्ये तुझा लॅपटॉप किती वेळा चार्ज झाला असता?"

परत आल्यावर सॉकेटात बसणारा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर मागवला, जो बाराचे वीस व्होल्ट सरळ करतो, २३० ची वारी करत नाही. आणि आता अर्ध्या तासाहून जास्त काम असेल तर गाडी पडवीपासून दूर, आंब्याखाली लावून इंजिन चालू ठेवतो. ते खोके मात्र फेकवले नाही. त्याच्यावर अजून सात महिन्यांची वॉरंटी आहे.