यादीत पाचवं नाव आपलं

मे 2016 मधली गोष्ट. माझी मावसबहीण टोरंटोजवळ राहते. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. (तिकडे दुपार.) आवाजात असा उत्साह की मला वाटलं मुलाचं लग्न ठरलं. म्हणाली, "अगं, सरकारच्या फॉर्मवर आपलं नाव छापलंय! ईस्ट इंडियन! पाचव्या नंबरवर!"

आम्ही मरोळ गावठाणातले. जे आम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मुंबईचे मूळ मराठी बोलणारे कॅथलिक. बाटली मसाला आमचा, लुगडं आमचं, आणि नाव मात्र कंपनी सरकारच्या छापाचं. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी आमच्या पूर्वजांनी ते नाव घेतलं, गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपण वेगळे दिसावं म्हणून. त्यामुळे कॅनडाच्या जनगणनेने आम्हाला इंग्लिश आणि फ्रेंचच्या पंगतीत बसवलं म्हटल्यावर ताईचा ऊर भरून येणारच.

पण तिथे ईस्ट इंडियन म्हणजे सरसकट भारतीय. वेस्ट इंडियन म्हणजे कॅरिबियनवाले, नुसतं इंडियन म्हटलं तर तिथल्या मूळ रहिवाशांशी घोटाळा, म्हणून हा शब्द. लुधियानाचा ट्रकवाला आणि चेन्नईचा इंजिनिअरही त्यातच. ताईने अभिमानाने मरोळ लिहिलं आणि मोजताना ते भारतात विरघळलं. मी हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मग छापलं कशाला?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. छापलं कशाला आणि छापल्याने काय होतं, हे मी तेव्हापासून वाचत आले आहे. आपल्याकडे जातीची गणना तोंडावर आली आहे, म्हणून आज लिहिते.

कॅनडाचा प्रश्न साधारण असा असतो: या व्यक्तीच्या पूर्वजांचं वांशिक किंवा सांस्कृतिक मूळ काय? खाली रिकामी जागा. 2016 ला तिच्यावर 28 उदाहरणं छापली होती. आधीच्या फेरीत एकच मूळ सांगणाऱ्यांत जे जास्त आले, ते साधारण त्याच क्रमाने वर. म्हणजे गेल्या वेळी जे पुष्कळांनी लिहिलं तेच पुढच्या वेळी वाचायला दिलं. परीक्षेच्या पेपरवर मागच्या वर्षीची उत्तरं छापावीत तसं.

आता 'कॅनेडियन' या एका शब्दाची कुंडली बघा. 1991 ला तो छापलेला नव्हता. ज्याला लिहायचा त्याने आपणहून लिहायचा. लिहिणारे सुमारे 10 लाख, 4 टक्क्यांच्या आत. तरी तेवढ्यावर तो पाचव्या क्रमांकाचा ठरला, म्हणून 1996 ला उदाहरणांत आला. आणि लिहिणारे झाले 88 लाख, म्हणजे 31 टक्के. पाच वर्षांत. 2001 ला तो यादीत सगळ्यात वर होता, तेव्हा 1 कोटी 17 लाख, 39 टक्के. मग 2021 ला यादीच काढून टाकली. त्याऐवजी एक लिंक दिली, उघडली तर 500 हून अधिक नावं दिसतील. कोण उघडतंय? 2016 ला 32 टक्के असलेले कॅनेडियन 2021 ला 15.6 टक्क्यांवर आले.

कोणी देश सोडून गेलं नाही, कोणी खोटंही बोललं नाही. ज्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलंच, त्यांना विचारलं की तुम्ही मूळचे कुठले, तर ती माणसं क्षणभर थांबतात. आजीची आजी आयर्लंडची होती म्हणे. त्या क्षणी समोर 'कॅनेडियन' दिसलं की हायसं वाटतं. फ्रेंच बोलणाऱ्यांना तर तो शब्द जुना आणि घरचा. सतराव्या शतकात तिथे वसाहत केलेल्यांच्या वंशजांना तेच म्हणत. म्हणून 1996 ला जे वाढले ते मुख्यतः ब्रिटिश आणि फ्रेंच खात्यांतून आले. आणि 2021 ला यादी गेल्यावर 'केबेकवा', म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातले, असं लिहिणारे 2 लाखांच्या आतून जवळजवळ 10 लाखांवर पोचले. तो शब्द 2016 च्या 28 नावांत नव्हता. समोर दुसरं काही नसलं की माणूस स्वतःच्या मनातलं लिहितो, तेही थोडंफारच.

आता उलटं उदाहरण, आणि हे मला जास्त टोचतं. 2011 ला ज्यू मूळ सांगणारे होते सुमारे 3 लाख 10 हजार. 2016 ला ज्यू हा शब्द क्रमवारीत मागे पडून यादीबाहेर गेला. आकडा 1 लाख 44 हजार! निम्म्याहून कमी. पोलिश मात्र यादीत होतं. वॉर्साहून आलेल्या आजोबांचा नातू तेवढं लिहून मोकळा झाला असणार. हे माणसं घटली म्हणून झालं की प्रश्न बदलला म्हणून, ते कसं ओळखायचं? ज्या प्रश्नाला हात लागलेला नाही त्याच्याशी ताडून. धर्माचा प्रश्न तिथे दहा वर्षांतून एकदा असतो. धर्माने ज्यू 2011 ला 3 लाख 30 हजारांच्या आसपास, 2021 ला 3 लाख 35 हजार. म्हणजे माणसं जागच्या जागी होती. 2021 ला मूळ म्हणून ज्यू लिहिणारेही परत 2 लाख 82 हजार झाले.

पण 2016 ला धर्म विचारलाच नव्हता. त्या वर्षापुरता पडताळा घ्यायला हाताशी काही नाही. ज्या छोट्या समाजाला असा जोडीचा प्रश्नच नाही, त्याचं काय? आम्ही ईस्ट इंडियन त्यातलेच. 2021 पासून कॅनडाने ते खातं 'इंडियन (इंडिया)' केलं. ताईचा पाचवा नंबर गेला.

आपल्याकडे वंश विचारत नाहीत, जात विचारतात. पण रोग तोच आहे. 2011 च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेत यादी नव्हती, लोक सांगतील ते लिहून घ्यायचं होतं. परिणाम? केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की देशभरात 46 लाखांहून अधिक जातींची नावं आली. 1931 ला ती 4,147 होती. आपल्या महाराष्ट्रात अधिकृत यादीतल्या जाती 494, नोंदल्या गेलेल्या 4,28,677. आडनाव, पोटजात, गोत्र, स्पेलिंगचे पाच प्रकार, सगळ्यांच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. त्या आकड्यांचा उपयोग शून्य.

म्हणून यादी नकोच असं म्हणणाऱ्यांत मी नाही. यादी लागेल. मोबाइलवर भरणार म्हटल्यावर प्रगणकाच्या बोटाखाली यादी येणारच. माझं म्हणणं एवढंच की ती यादी आणि तिचा क्रम आधी जाहीर करा. दोन अक्षरं टाइप केल्यावर कुठलं नाव वर येतं, ते कोणत्या नियमाने? 'कुणबी' आणि 'मराठा' एकाच पडद्यावर दिसणार की एक खाली सरकवल्यावर? राजकारणी मंडळी आकड्यावर भांडायला बसली आहेत, आकडा त्या पडद्यावर ठरणार आहे. आणि एखाद्या जिल्ह्यात अर्ध्या लोकांच्या हातात एक क्रम, अर्ध्यांच्या हातात उलटा, अशी चाचणी आधी घ्या. फरक पडला तर तो किती, ते छापा.

काल आईला सहज विचारलं, कोणी दारात येऊन जात विचारली तर काय सांगशील? ती मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ काढत होती. वर न बघता म्हणाली, "मरोळचे." मी म्हटलं, ते गाव झालं. "मग तूच सांग, त्यांच्याकडे काय काय आहे?"