तासाला दीडशे? कुठल्या घड्याळात?

‘डिलिव्हरीवाले तासाला दीडशे छापतात’ असं ऐकलं की डोकं फिरतं. छापतात म्हणे! एकदा बसून हिशोब करा की.

पुण्यात बाणेरच्या हॉटेलातून सूसला जाणारी एक ऑर्डर घ्या. रायडर हॉटेलपासून २ किलोमीटरवर. पिकअपला किलोमीटरला ५ रुपये आणि ड्रॉपला १० असा दर धरू. ड्रॉप ५ किलोमीटर, म्हणजे हातात ६० रुपये. पार्सल उचलल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत २२ मिनिटं. झाला तासाचा भाव १६४ रुपये! एवढंच बघून लोक बोलतात.

आता उरलेलं घड्याळ मोजा ना! हॉटेलपर्यंत जायला ७ मिनिटं. ‘पाच मिनिटांत देतो’ म्हणत हॉटेलवाल्याने घेतलेली १४. सूसला ऑर्डरी मिळत नाहीत म्हणून बाणेरला परत यायचं, ४ किलोमीटर, १२ मिनिटं, आणि त्याचा छदामही नाही. पुढची ऑर्डर वाजेपर्यंत आणखी ५. झाला पूर्ण एक तास. (त्या २२ मिनिटांतली ५ सोसायटीच्या गेटवर नोंद करण्यात आणि ‘सर्व्हिस लिफ्टने जा’ ऐकण्यात गेली, ते वेगळंच.)

गाडी पळाली ११ किलोमीटर, पैसे मिळाले सातचे. पेट्रोल १०५ रुपये आणि सिग्नल-ट्रॅफिकमध्ये ४२चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला अडीच रुपये. ऑइल, टायर, चेनसेट, ब्रेक शू यांचे ८० पैसे धरा. कोणी धरतच नाही, कारण ते रोज खिशातून जात नाहीत. टायर गुळगुळीत झाला की एकदम जातात. ११ किलोमीटरचे झाले ३६ रुपये ३० पैसे. उरले २३ रुपये ७० पैसे. तासाभराचे! गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्स यात अजून धरलेलाच नाही.

आणि सगळे हॉटेलच्या वेटिंगवर चिडतात. चिडा, पण गणित बघा. वेटिंग १४वरून ४ मिनिटांवर आणलं तर तासाला जेमतेम २८ रुपये होतात. त्याऐवजी सूसपासून किलोमीटरभरावर, ३ मिनिटांत पोचून आणि तीच ५ मिनिटं थांबून, पुढची ऑर्डर मिळाली तर साडेएकोणचाळीस. हॉटेलबाहेर गाडी बंद असते, नुसता वेळ जातो. रिकाम्या परतीत वेळही जातो आणि पेट्रोलही. म्हणून ६० रुपयांची लांबची ऑर्डर बघून हुरळायचं नाही, ड्रॉपच्या आसपास हॉटेलं आहेत का ते आधी बघायचं.

ॲपमधले किलोमीटर तर धरूच नका, ते नकाशाचे! वन-वे आणि यू-टर्नचा फेरा गाडीला पडतो, नकाशाने तो दर वेळी धरलेला असेलच असं नाही. घरून निघताना आणि घरी आल्यावर मीटरचं रीडिंग लिहा, टाकी फुल ते टाकी फुल ॲव्हरेज काढा, आणि इन्सेंटिव्हसकट दिवसाच्या कमाईतून खर्च वजा करून घराबाहेर काढलेल्या सगळ्या तासांनी भागा. मग सांगा मला कोण छापतंय ते.