‘डिस्क Good आहे, मग लोकांना कशाला घाबरवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

कॉम्प्युटर मधूनमधून काही सेकंद गोठत असेल, तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम Good म्हणत असला तरी डिस्क जायला आलेली असू शकते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एक वाचक लिहितात: “लेखक महोदय, क्रिस्टलडिस्कइन्फो स्वच्छ निळ्या अक्षरात Good दाखवत असताना डिस्क जायला आलीय म्हणून सांगणं म्हणजे सामान्य माणसाला घाबरवून नवीन डिस्क विकायला लावायची दुकानदारी आहे. विंडोज एसएसडीवर असेल तर डी ड्राइव्हमुळे अख्खा कॉम्प्युटर थांबूच शकत नाही. केबल बदला, `chkdsk /r` चालवा, काम फत्ते. एवढ्यासाठी इतका लांबलचक लेख? आणि रॅमबद्दल एक अक्षर नाही!”

महोदय, आधी ‘दुकानदारी’बद्दल. माझं दुकान नाही, कधी नव्हतं. पेंटियमच्या काळापासून नातेवाईक आणि शेजारी आपापले डबे माझ्याकडे आणून ठेवतात, आणि मोबदल्यात बहुतेक वेळा चहा मिळतो. डिस्क विकून मी काय कमावणार? मतभेद असायला हरकत नाही, पण न ओळखणाऱ्या माणसाच्या हेतूवर शंका घ्यायची ही कुठली पद्धत?

केबलचा मुद्दा मान्य. ती तपासणी मी लेखात शेवटी लिहिली, ती आधी यायला हवी होती. स्वस्त गोष्ट आधी करावी. पण केबल खराब असेल तर C7, म्हणजे केबलमधून मजकूर जाताना झालेल्या चुका मोजणारा डिस्कचा आकडा, वाढत जातो. तो जागचा हलत नसेल तर नवी केबल लावून काही साधणार नाही.

आता तुमचं ते Good. तुमचा सगळा राग त्या एका शब्दावर उभा आहे, म्हणून तिथेच थांबतो.

तो शब्द येतो कुठून? प्रोग्राम डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचतो. त्या सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवर मजकूर ठेवायच्या छोट्या कप्प्यांच्या असतात. 05 म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, C5 म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर, आणि C6 म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले सेक्टर. हे तिन्ही शून्य असले आणि बाकी कुठला आकडा कंपनीने ठरवलेल्या मर्यादेखाली घसरला नसला, की Good. डिस्कला एखादा सेक्टर वाचायला किती वेळ लागला, हे यातल्या कुठल्याच आकड्यात नसतं.

आणि आपली तक्रार नेमकी वेळेची आहे. पृष्ठभागावरची एखादी जागा कमकुवत झाली की पहिल्या वाचनात तिथला मजकूर तपासणीच्या आकड्यांशी जुळत नाही. डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुढच्या फेरीला पुन्हा वाचते, डोकं किंचित इकडेतिकडे सरकवून वाचते, संकेत ओळखण्याची पद्धत बदलून वाचते. जुन्या सातबाऱ्यावरचं पुसट अक्षर आपण कागद उजेडाकडे तिरका करून पुन्हापुन्हा वाचतो, तसंच. मिनिटाला 7200 फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीन सेकंद अडकली तर सुमारे 360 फेऱ्या झाल्या. शेवटी अक्षर लागलं की डिस्क मजकूर विंडोजच्या हाती देते, जणू काही झालंच नाही. चूक नोंदली जात नाही, C5 शून्यच राहतो. घरगुती डिस्क अशा प्रयत्नांत बराच वेळ घालवतात. सर्व्हरसाठीच्या डिस्कना बहुधा सात सेकंदांसारखी मर्यादा घातलेली असते, कारण तिथे तोच मजकूर दुसऱ्या डिस्कवर असतो.

गेल्या दिवाळीत मामांचं मशीन आलं. विंडोज एसएसडीवर, डी म्हणून जुनी एक टीबीची डिस्क, त्यावर लग्नाचे व्हिडिओ. अगदी तुमच्यासारखीच मांडणी. विशिष्ट फोल्डर उघडलं की सगळं गोठायचं: माउस फिरायचा, पण एक्सप्लोरर पांढरा पडायचा आणि दुसऱ्या प्रोग्राममधली सेव्हची खिडकीही उघडायची नाही, कारण तीसुद्धा डी ड्राइव्हला विचारायला जाते आणि अडकून बसते. (‘थांबूच शकत नाही’चं उत्तर एवढंच.) टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा Active time 100 टक्के आणि वाचनाचा वेग शून्य. काम भरपूर असेल तर वेगाचा काहीतरी आकडा दिसतो. डिस्क शंभर टक्के व्यग्र आणि हाती काहीच नाही, ही अडलेल्या सेक्टरची मोठी खूण.

डिस्क झोपलेली असेल का, हेही पाहिलं. तसं असेल तर बराच वेळ न वापरल्यानंतरची पहिलीच खेप अडकते, पुढे सुरळीत चालतं. इथे डिस्क फिरत असतानाही तेच फोल्डर अडकत होतं. एक फसगत मात्र सांगतो: तीच फाइल लगेच पुन्हा उघडली तर ती झटकन उघडते, कारण ती आता मेमरीतून येते. म्हणून पडताळणी करायची ती मशीन पुन्हा सुरू करून.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची चुकांची नोंदवही, कोरा होता. विलंब विंडोजच्या सहनशीलतेत बसला की तिथे काही उमटत नाही. उमटलं असतं, तर 153 क्रमांकाच्या नोंदीत सेक्टरचा पत्ता मिळतो. पत्ते एकाच पट्ट्यातले असले तर दोष पृष्ठभागाचा.

मग एचडीडीस्कॅन या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने नुसतं वाचन लावलं. बाकी डिस्क काही मिलिसेकंदांत उत्तर देत होती, आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यात ब्लॉकमागून ब्लॉक 500 मिलिसेकंदांच्या वर. एवढं सगळं होईपर्यंत क्रिस्टलडिस्कइन्फो काय म्हणत होतं? Good. तुमच्या लाडक्या निळ्या अक्षरात.

पट्टा दिसताच स्कॅन थांबवलं, लिनक्सवरून ddrescue या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची नकल घेतली. पहिल्या फेरीत सोपा भाग, मग अवघड भागावर एकच जादा फेरी:

```
ddrescue -n /dev/sdb disk.img disk.map
ddrescue -d -r1 /dev/sdb disk.img disk.map
```

(`sdb` ही तुमचीच डिस्क आहे ना, हे आधी पाहा. नकल ठेवायची जागा दुसऱ्या डिस्कवर हवी.) जवळपास सगळं आलं, दोन व्हिडिओंचे तुकडे गेले. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, तर पिवळं Caution आणि C5 समोर 10. तो आकडा सोळाच्या पद्धतीत लिहिलेला असतो, म्हणजे आपले 16. आतून 4096 बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्कमध्ये हा आकडा सहसा आठाच्या पटीत वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात दोन सेक्टर. वाचायला गेलो आणि वाचता आले नाहीत, तेव्हा कुठे ते मोजले गेले. न उघडलेल्या फाइलखाली मेलेला सेक्टर असला तरी Good हे Good च राहणार.

म्हणूनच `chkdsk /r` वर माझा भरवसा नाही. ती आज्ञा सगळी डिस्क वाचते, पण रखडत का होईना वाचता आलेला सेक्टर तिच्या लेखी चांगलाच ठरतो. तो बाद होत नाही, आणि कॉम्प्युटर आठवड्याभराने पुन्हा त्याच जागी गोठतो. शिवाय नकल घेण्याआधी तासन्‌तास दुखरी जागा खरवडायची, आणि फाइलींच्या नोंदीत दुरुस्त्याही करू द्यायच्या? ‘काम फत्ते’ हा शब्द तिथे वेगळ्याच अर्थाने लागू पडतो.

रॅमचं म्हणाल, तर रॅम एकाच फोल्डरवर रुसत नाही. लेख लांबलचक आहे, हे खरं. वाचायची सक्ती नव्हती.

तुमच्या डी ड्राइव्हवर एकदा एचडीडीस्कॅनचं वाचन लावा आणि 500 मिलिसेकंदांवरचे ब्लॉक किती व कुठे येतात त्याचं चित्र इथे टाका. एकही आला नाही, तर तुमची डिस्क धडधाकट आहे असं इथेच लिहीन. आले, तर फाइली आधी दुसरीकडे हलवा, वाद नंतर घालू.