'२८ दिवस चालते' या मेसेजबद्दल खुलासा

लसीच्या कुप्यांबद्दल फिरत असलेला मेसेज: "उघडलेली कोणतीही मल्टी-डोस व्हायल फ्रिजमध्ये २८ दिवस चालते, उरलेले डोस फेकू नका."

'कोणतीही' हा शब्द चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या धोरणात २८ दिवसांची मुभा आहे, पण ती संघटनेने तशी मान्यता दिलेल्या लसींच्या व्हायलपुरतीच. व्हायल सतत २ ते ८ अंशांत असावी, मुदत संपलेली नसावी आणि व्हायलवरच्या व्हीव्हीएम या उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असावा, याही अटी आहेत.

गोवर आणि बीसीजी यात बसत नाहीत. ही पावडर द्रावकात मिसळावी लागते आणि तिच्यात जंतुरोधक नसतो. या धोरणानुसार ६ तास झाले किंवा सत्र संपले, यातले आधी जे घडेल तेव्हा उरलेली लस टाकायची. अशा शिळ्या व्हायलमध्ये स्टॅफिलोकोकस वाढून बालके दगावली आहेत. लस दिसायला मात्र ठीकच असते.

वाया जाणारे डोस मागणीतच धरा. दर आठवड्याला गोवरची ४ मुले येतात, व्हायल १० डोसची. महिन्याला १६ डोस, म्हणून २ व्हायल मागवल्या, तर तिसऱ्या आठवड्यात फ्रिज रिकामा. लागतात ४ व्हायल. पंधरवड्याला एकच सत्र ठेवून ८ मुले बोलावली, तर २ पुरतात. मात्र अधेमधे एकटे मूल आले तरी व्हायल उघडाच. त्यासाठी एखादी जादा ठेवा.

मूळ मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.