सगळे वॅट जोडून इंडक्शनचा हिशेब लागत नाही

"घरातल्या सगळ्या वस्तूंवरचे वॅट जोडा. बेरीज मेन एमसीबीचे अँपिअर गुणिले २३० याच्यावर गेली तर इंडक्शन घेऊ नका. घ्यायचंच असेल तर ३२ची मेन काढून ६३ची बसवा."

इंडक्शन शेगडी घेऊ पाहणाऱ्याला असा सल्ला मिळतो. यातली मेन एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा घराचा मुख्य स्विच. सल्ला तपासू, आधी बेरीज. तालुक्याच्या गावातला, दोन खोल्या आणि किचनचा फ्लॅट घ्या. एसी १६००, गिझर २०००, इस्त्री १०००, मिक्सर ६००, वॉशिंग मशीन ४००, दोन कूलर मिळून ४००, फ्रिज २००, टीव्ही १००, पंखे-दिवे ४००. झाले ६७००. त्यात इंडक्शनचे २००० टाकले की ८७००. ३२ गुणिले २३० म्हणजे ७३६०, म्हणून इंडक्शन नापास!

पण विदर्भात गिझर आणि एसी एकाच दिवशी कोण लावतो? एसी मे महिन्यातला, गिझर जानेवारीतला. मेनला वस्तूंची यादी दिसत नाही, त्या घडीला तिच्यातून जाणारा करंट दिसतो. म्हणून वर्षातल्या दोन वाईट वेळा निवडा. थंडीची सकाळ: गिझर, इंडक्शन, इस्त्री, मिक्सर आणि फ्रिज-दिव्यांचे ४००, एकूण ६००० वॅट, म्हणजे २६ अँपिअर. मे महिन्यातली संध्याकाळ: एसी, इंडक्शन आणि फ्रिज, पंखे, टीव्ही धरून ६००, एकूण ४२००, म्हणजे जेमतेम १८. दोन्ही वेळा ३२च्या आत.

आता २३० व्होल्ट. हा आकडा गावाकडे बरेचदा कागदावरच राहतो. रब्बीत कृषिपंप चालू झाले आणि लाइनच्या टोकाला व्होल्टेज १९० वर आलं, की गिझर आणि इस्त्री कमी करंट ओढतात, कारण ती नुसती कॉइल आहे. इंडक्शनचं तसं नाही. त्यातलं सर्किट ठरलेली ताकद टिकवायला बघतं, म्हणून ८.७ अँपिअरचे साडेदहा होतात. इन्व्हर्टर एसीचंही तेच. उन्हाळ्यातल्या संध्याकाळीही व्होल्टेज असंच पडलं तर १८चे २२ होतात. शिवाय एमसीबीवरचा आकडा ३० अंश तापमानाचा असतो. बाहेर ४५, त्यात डीबी म्हणजे एमसीबींची बंद पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, मग ३२ची एमसीबी २८-२९ला धरून चाला. तरी २२ बसतात. एसीसोबत मोटर आणि इस्त्री लावली तर मात्र बसणार नाहीत.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने मोजून घ्या. मीटरचा चिमटा मेनच्या एकट्या फेजवर लागला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर मीटर शून्याजवळ दाखवेल आणि उगाच खुशी होईल.

६३ची मेन बसवण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. एमसीबी वायर सांभाळायला असते. नियमानेच तिने आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटवर तासभर पडायचं नसतं. म्हणजे ६३ची एमसीबी ७१ अँपिअर तासभर गुपचूप जाऊ देईल. मागे ४ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर एमसीबीच्या आधी वायरचं इन्सुलेशन वितळेल. मोठी मेन हवी असेल तर मीटरपासून डीबीपर्यंतची वायर आधी बदलावी लागते, आणि बिलावरचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागतो.

आणि आपण जिला मेन म्हणतो ती एमसीबीच आहे का, हे तरी पाहिलं का? दांडीजवळ इंग्रजी 'सी' आणि लगेच ३२ असेल तर एमसीबी. ४० लिहिलंय, शेजारी टेस्टचं बटण आणि ३० मिलीअँपिअर असेल तर बहुधा ती आरसीसीबी आहे. ती शॉक आणि लीकेजसाठी, जास्त लोडवर ती पडत नाही. नुसता आयसोलेटर असेल तर तो फक्त स्विच. अशा घरात लोडचा हिशेब मीटरजवळच्या एमसीबीवर करायचा.

एवढं सगळं मेनचं. जळतो मात्र किचनमधला पॉइंट. इंडक्शनचे ८.७ अँपिअर ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून घुसवले जातात, आणि मागची दीड स्क्वेअरची वायर मिक्सर-आरओचाही भार वाहत असते. मेन पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच जास्त झालेलं नाही. अर्धा तास फुल पॉवरवर स्वयंपाक झाला की स्विच बंद करून प्लग काढा. पिना चटका देत असतील, सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर तो पॉइंट त्याच दिवशी बंद ठेवा. त्याऐवजी डीबीपासून अडीच स्क्वेअरची वेगळी तांब्याची वायर, तिला स्वतःची १६ अँपिअरची एमसीबी, १६चं सॉकेट आणि अर्थिंग घ्या. सॉकेटचे स्क्रू महिन्याभराने मेन बंद करून पुन्हा एकदा आवळून घ्या. नवीन वायर दबून ते सैल पडतात.