बंद भट्टीची उष्णता

"अणुवीज कार्बनमुक्त हे साफ खोटं. खाण, सिमेंट, लोखंड धरलं तर कोळशाइतकाच कार्बन. भट्टी बंद केली तरी थांबत नाही, म्हणजे बॉम्बच तो. आणि कचऱ्याचं काय करायचं हे जगात कुणालाच ठाऊक नाही."

अणुविजेवरचे हे आक्षेप नेहमी ऐकू येतात. कार्बनचा हिशेब आधी, कारण तो लवकर मिटतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानबदल समितीच्या 2014 च्या अहवालात खाणीपासून प्रकल्प मोडीत निघेपर्यंतचं सगळं धरलेलं आहे. एका युनिटमागं कार्बन डायऑक्साइड कोळशाचा 820 ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांचा 48 आणि अणुविजेचा 12, हे त्यातले मधले आकडे. आपल्या झारखंडमधल्या जादुगुड्याचं खनिज हलकं आहे, टनामागं जेमतेम अर्धा किलो युरेनियम, त्यामुळं आपला आकडा थोडा वर जाईल. पण कर्नाटकातल्या कैग्यासारख्या, साध्या पाण्याऐवजी जडपाणी वापरणाऱ्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियमच चालतं, ते समृद्ध करण्यात, म्हणजे त्यातला फुटणारा भाग वाढवण्यात, वीज जात नाही. कोळशाच्या जवळपासही हा आकडा पोचत नाही.

दुसऱ्या मुद्द्यातलं अर्धं वाक्य मात्र खरं आहे, आणि ते कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत मी बरीच वर्षं इंडक्शन भट्टीवर काढली. वीज गेली की पहिली धाव पाण्याकडं. कॉइलमधला करंट थांबलेला असतो, पण आत लोखंडाचा रस तसाच असतो. कॉइलमधलं पाणी थांबलं तर कॉइल जळते आणि पाणी रसात शिरलं तर माणसं जातात. म्हणून उंचावर भरलेली टाकी ठेवायची. पंप बंद पडला तरी पाणी आपल्या वजनानं उतरत राहतं.

अणुभट्टीत फरक एवढाच, की आतला माल नुसता गरम नसतो, तो स्वतः उष्णता तयार करत राहतो. फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सर्गी असतात. 220 मेगावॅटची भट्टी उष्णतेच्या हिशेबात साधारण 750 मेगावॅटची. बंद केल्या क्षणी त्यातले सहा-सात टक्के, म्हणजे 50 मेगावॅटच्या आसपास उष्णता निघतच असते. एका दिवसानं ती चारेक मेगावॅटवर येते. आमच्या अर्ध्या टनाच्या भट्टीला साडेतीनशे किलोवॅट लागायचे, म्हणजे तशा दहा-अकरा भट्ट्या. याला बॉम्ब म्हणत नाहीत, कारण त्या इंधनाचा अणुस्फोट होऊच शकत नाही. पण पाणी तोडलं तर गाभा, म्हणजे आतलं इंधन, वितळतो. फुकुशिमात 2011 साली भूकंप होताच भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीनं जनरेटर बुडवले, पाणी फिरेना, तीन गाभे वितळले. टीव्हीवर दिसलेले स्फोट हायड्रोजनचे होते.

आपल्याकडचा प्रसंग कमी लोकांना माहीत आहे. 31 मार्च 1993 ला पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळत गेल्या. राखीव विजेच्या केबलीही त्याच बाजूनं गेलेल्या, त्यामुळं तीही गेली. जवळपास 17 तास केंद्राला वीज नव्हती. कामगारांनी अंधारात हातानं अणू फुटणं रोखणारा बोरॉन सोडला, आग विझवायचे डिझेल पंप लावून बॉयलरला पाणी दिलं, आणि गाभ्यातलं जडपाणी नुसत्या उष्णतेच्या फरकानं फिरत राहिलं. गाभा वाचला, किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. माझ्या मते ही सुरक्षिततेची शाबासकी नाही. दोन्ही केबली एकाच वाटेनं नेणं ही धडधडीत चूक होती.

कचऱ्यातही प्रश्न याच उष्णतेचा. भट्टीतून निघालेली इंधनाची जुडगी अर्धा मीटर लांब, पण काही वर्षं खोल तळ्यात बुडवून ठेवल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. नंतर ती आम्लात विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरलेला जहाल द्राव काचेत वितळवून स्टीलच्या डब्यांत ओततात, आणि तारापूरला ते डबे हवेच्या झोतात थंड होत राहतात. त्यातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीसेक वर्षांत निम्मं होतं, म्हणजे तीनशे वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. पण प्रक्रियेत निसटलेलं थोडं प्लुटोनियम आणि अमेरिशियम त्यापुढंही हजारो वर्षं टिकतं. त्यासाठी फिनलंडनं ओंकालोत खडकात चारशे मीटरहून खोल बोगदे खोदलेत. भारतात तशी जागा अजून तयार नाही. उपाय ठाऊक आहे, तो आपण पुरा केलेला नाही.

मला स्वतःला जास्त खटकतो तो वेळ. कुडनकुळमच्या पहिल्या भट्टीचं काम 2002 ला सुरू झालं आणि व्यावसायिक वीज 2014 च्या अखेरीस आली. म्हणून येत्या दहा वर्षांत कोळसा कमी करायचा भार सौर आणि पवनावरच राहील. अणुवीज त्यापुढच्या, रात्रीच्या आणि पावसाळ्याच्या विजेसाठी. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाच्या बैठकीला जाणाऱ्यांनी हे विचारावं: सगळी वीज गेली तर पाणी किती तास पुरेल, ते कुठून येईल, राखीव जनरेटर किती उंचीवर आहेत, आणि दोन केबली एकाच भिंतीतून जातात का.